नंबर खरा, पण पार्टी तीच का?

नव्या पार्टीकडून माल घेण्याआधी तिचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघावा, हे आता तालुक्याच्या गावातल्या दुकानदारालाही माहीत आहे. नंबर टाकला, `Active` दिसले, की काम झाले असे बहुतेकांना वाटते. खरे तर तपासणी तिथून सुरू होते. नंबर चालू आहे का, हा एक प्रश्न झाला. हा नंबर ज्याचा आहे तोच आपल्याशी व्यवहार करतो आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पोर्टल देते. दुसऱ्याचे उत्तर आपल्यालाच काढावे लागते. त्यासाठी नोंदलेले नाव, व्यवसायाचे कायदेशीर स्वरूप आणि राज्य या तीन गोष्टी हातातल्या कागदांशी जुळवून पाहाव्या लागतात. पैसे अडकतात ते बहुधा या दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

महाराष्ट्राने हा धडा जीएसटीच्या आधीच घेतला आहे. व्हॅटच्या काळात प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्याला टिन असायचा. त्याची सुरुवातही २७ ने व्हायची आणि शेवटी V असायचा, पण त्या आकड्यांत मालकाच्या पॅनचा मागमूस नसे. माल न देता नुसती बिले विकणारे तेव्हा बोकाळले होते. अखेर विक्रीकर विभागाने अशा ‘हवाला डीलर’ मंडळींची यादीच संकेतस्थळावर लावली आणि त्यांची बिले घेऊन सेट-ऑफ घेतलेल्यांच्या मागे वसुली लागली. कोल्हापूरच्या महालक्ष्मी कॉटन जिनिंग प्रेसिंग अँड ऑइल इंडस्ट्रीज या संस्थेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये निकाल दिला की, विकणाऱ्याने कर सरकारी तिजोरीत प्रत्यक्ष भरला असेल तेवढ्यापुरताच घेणाऱ्याला सेट-ऑफ मिळेल, ही कायद्यातली अट वैध आहे. समोरचा कोण आहे हे बघण्याची जबाबदारी घेणाऱ्याच्या गळ्यात पडली ती तेव्हापासून. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा नंबराची रचना बदलली आणि पोर्टल उघडण्याआधीच त्यातून काही वाचता येऊ लागले.

जीएसटी नंबरात पंधरा अक्षरे असतात. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९, गुजरात २४. त्यानंतरची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यक्तीचा किंवा संस्थेचा पॅन, जशाचा तसा. तेरावे अक्षर त्याच पॅनवर त्या राज्यात घेतलेली ही कितवी नोंदणी ते सांगते. चौदावे नेहमीच्या करदात्याला Z असते. पंधरावे ताळ्याचे अक्षर, म्हणजे आधीच्या चौदा अक्षरांवरून गणिताने काढलेले.

यातले सर्वात बोलके अक्षर नंबराच्या आत आहे. पॅनचे चौथे अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातले सहावे, धारक कोण आहे ते सांगते. P असेल तर माणूस, C असेल तर कंपनी, F म्हणजे भागीदारी, H म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, T म्हणजे ट्रस्ट, A म्हणजे व्यक्तींचा संघ. त्याच्या पुढचे अक्षर नावाचे आद्याक्षर असते. माणूस असेल तर आडनावाचे, संस्था असेल तर संस्थेच्या नावाचे. म्हणजे लेटरहेडवर ‘प्रा. लि.’ छापलेले आहे आणि नंबरातले सहावे अक्षर P आहे, तर पोर्टल उघडण्याआधीच विसंगती हाती लागते. कंपनी नसताना नावाला ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लावणे हा कंपनी कायद्याच्या कलम ४५३ खाली गुन्हा आहे, त्यामुळे ही विसंगती छपाईची चूक म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

पुढचे सगळे एका उदाहरणातून बघू. ते रचलेले आहे. नंबरांतल्या पॅनचे चारही आकडे मुद्दाम शून्य ठेवले आहेत. पॅनमध्ये ते 0001 पासून सुरू होतात, त्यामुळे हे नंबर कुणाचेही असू शकत नाहीत. कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीला लोखंडी भंगार हवे आहे. नेहमीच्या पार्टीकडे माल नाही आणि एक नवा पुरवठादार कोटेशन देतो. पंधरा टन, किलोला ४० रुपये, म्हणजे माल ६ लाखांचा. त्यावर १८ टक्के कर १,०८,०००. लेटरहेडवर दुकानाचे नाव आहे, त्यापुढे ‘अँड सन्स’ आहे, खाली ‘भागीदार’ अशा शिक्क्यावर सही आहे आणि नंबर आहे `27ABCPK0000M1Z4`.

आधी ताळा बघू. A ला १०, B ला ११ असे करत Z ला ३५ किंमत द्यायची. आकड्यांची किंमत तीच. डावीकडून एक सोडून एक अक्षराला १ ने आणि २ ने गुणायचे. गुणाकार ३५ च्या वर गेला तर त्याला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्यायची. या नंबरातल्या पहिल्या चौदा अक्षरांची अशी बेरीज १४० येते. १४० ला ३६ ने भागल्यावर ३२ उरतात, ३६ मधून ३२ गेले की ४. नंबराच्या शेवटीही ४ आहे, म्हणजे नंबर लिहिण्यात चूक नाही. हे गणित कुणी हाताने करत बसत नाही. हिशेबाचे सॉफ्टवेअर ते क्षणात करते आणि चुकीचा नंबर घेतच नाही. एखादे अक्षर चुकले किंवा शेजारची दोन अक्षरे उलटसुलट पडली, तर ते जवळपास नेहमीच पकडले जाते. O आणि 0 यांची गल्लत तर हमखास सापडते. पण ताळा जुळला म्हणजे नंबर कुणाला दिलेला आहेच असे नाही. हे गणित येणारा कुणीही ताळा जुळणारा नंबर बसवू शकतो. म्हणून हे काम टंकलेखनाची चूक धरण्यापुरते, त्याहून मोठा अर्थ त्यातून काढू नये.

खरी नोंद बघायची ती `services.gst.gov.in` वर, `Search Taxpayer` मध्ये. लॉगिन लागत नाही, चित्रातली अक्षरे भरली की झाले. तीच माहिती दाखवणारी खासगी संकेतस्थळे आणि अॅपही पुष्कळ आहेत. पण काहींवर जुनी साठवलेली माहिती दिसते आणि काल रद्द झालेला नंबर तिथे आजही चालू असतो. पैशाचा व्यवहार असेल तर मूळ पोर्टलच बघावे. समोर येणाऱ्या तक्त्यात आपल्या कामाच्या ओळी सातच आहेत: `Legal Name of Business`, `Trade Name`, `Constitution of Business`, `GSTIN / UIN Status`, `Taxpayer Type`, नोंदणीची तारीख आणि मुख्य जागेचा पत्ता. खाली विवरणपत्रे कधी कधी भरली त्याचा तक्ता उघडता येतो.

सर्वाधिक घोटाळा नावात होतो, कारण नावे दोन असतात. `Legal Name` हे पॅनवरचे नाव. `Trade Name` हे दुकानाचे, पाटीवरचे नाव. कंपनीच्या बाबतीत दोन्ही बहुधा एकच असतात. एकमालकीच्या दुकानात मात्र `Legal Name` मध्ये माणसाचे नाव येते, कारण कायद्याच्या नजरेत दुकान वेगळे अस्तित्वातच नसते. जो आहे तो माणूस. दुकानाचे नाव मालकाने अर्जात स्वतः लिहिलेले असते आणि तेच नाव दुसऱ्या कुणी घेऊ नये अशी सोय या नोंदणीत नाही. गणपतीच्या, अंबाबाईच्या नावाची दुकाने गावोगावी सापडतील आणि त्यातली कित्येक एकाच धंद्यातली असतील. म्हणूनच दुसऱ्याचा नंबर उसना वापरणारा बहुतेक वेळा आपल्याच दुकानाच्या नावाशी मिळतेजुळते `Trade Name` असलेला नंबर शोधतो. घेणारा घाईत दुकानाचे नाव बघतो, ते जुळते, आणि वरच्या ओळीतला माणूस भलताच आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. उलट, दुकानाचे नाव जुळले नाही म्हणून लगेच संशय घ्यायचेही कारण नाही. एकच माणूस एकाच नंबरावर दोन-तीन नावांनी धंदा करू शकतो, ती नावे पोर्टलवर `Additional Trade Name` म्हणून दिसतात. माझ्या मते नावांची तपासणी नेहमी `Legal Name` पासून करावी. हेच नाव करारात यायला हवे आणि बँकेत पैसेही याच नावाच्या खात्यावर जायला हवेत.

बँकेचा मुद्दा थोडा सविस्तर सांगतो. जीएसटी नियमावलीतल्या नियम १०अ प्रमाणे नोंदणीनंतर बँक खात्याचा तपशील द्यावा लागतो. ते खाते नोंदणीकृत व्यक्तीच्याच नावाचे आणि त्याच पॅनवर उघडलेले असावे लागते. पोर्टल हे खाते आपल्याला दाखवत नाही. पण नियम तसा आहे म्हटल्यावर ‘पैसे माझ्या मेहुण्याच्या खात्यावर टाका’ म्हणणाऱ्या पुरवठादाराला नाही म्हणायला आपल्याकडे भक्कम आधार आहे. शिवाय एनईएफटी आणि आरटीजीएस करताना खाते कुणाच्या नावाचे आहे ते पैसे पाठवण्याआधी दिसावे, अशी सोय रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत करायला सांगितली होती. तिथे दिसणारे नाव आणि पोर्टलवरचे नाव शेजारी शेजारी ठेवून बघणे ही मिनिटभराची गोष्ट आहे.

आता कायदेशीर स्वरूप. पोर्टलवर `Proprietorship`, `Partnership`, `Limited Liability Partnership`, `Private Limited Company` असे काहीतरी लिहिलेले असते. पैसे बुडाले तर दावा कुणावर लावायचा आणि वसुली कशातून होणार, हे या एका ओळीवर ठरते. एकमालकी असेल तर मालकाची सगळी मालमत्ता जबाबदार. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदार एकेकटा आणि सगळे मिळून जबाबदार. एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर सामान्यतः वसुली संस्थेच्या मालमत्तेपुरती. भागीदारी आणि एलएलपी या दोन्हींच्या पॅनमध्ये बहुधा F च असतो, म्हणून हा फरक नंबरावरून कळत नाही. त्यासाठी पोर्टलवरची ओळच वाचावी लागते.

या ओळीच्या मर्यादाही ओळखून असाव्यात. `Partnership` लिहिले आहे म्हणजे ती फर्म रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदलेली आहे असे समजू नये. न नोंदलेल्या फर्मलाही पॅन आणि जीएसटी मिळतो, पण भागीदारी कायद्याच्या कलम ६९ मुळे तिला कराराच्या आधारे तिसऱ्यावर दावा लावता येत नाही. भागीदार कोण आहेत हेही सार्वजनिक तक्त्यात येत नाही. ते नोंदणी प्रमाणपत्राच्या, म्हणजे `REG-06` च्या, `Annexure B` मध्ये असते आणि ते पार्टीकडूनच मागून घ्यावे लागते. `Society/ Club/ Trust/ AOP` हे तर एकच मोठे पोते आहे. सहकारी संस्था, सार्वजनिक न्यास, क्लब सगळे त्यात जाते. संस्था कोणत्या कायद्याखालची आहे हे त्यावरून ठरवता येत नाही, त्यासाठी सहकारी संस्था निबंधकाचे किंवा धर्मादाय आयुक्तांकडचे प्रमाणपत्र पाहावे लागेल.

आपल्या भंगारवाल्याचा नंबर पोर्टलवर टाकला. `Legal Name` मध्ये K पासून आडनाव सुरू होणाऱ्या एका माणसाचे नाव आले, पॅनमधल्या K शी जुळणारे. `Trade Name` लेटरहेडवरचेच. पत्ताही तोच. `Constitution` मध्ये `Proprietorship`. आणि स्थिती: `Cancelled on application of Taxpayer`, तीन महिन्यांपूर्वीच्या तारखेपासून. इथे दोन गोष्टी खटकतात. सही भागीदार म्हणून केली आहे, पण नंबर एकमालकीचा आहे. आणि तो नंबर बंद आहे.

असे दिसले की दोन शक्यता असतात आणि पहिल्या नजरेला दोन्ही सारख्याच दिसतात. एक, घरगुती आणि निर्दोष. वडिलांचा धंदा होता, ते वारले किंवा थकले, मुलांनी भागीदारी केली. एकमालकीचा पॅन वडिलांचा होता आणि भागीदारीला स्वतःचा नवा पॅन लागतो. पॅन बदलला की जुन्या नंबरात दुरुस्ती करून भागत नाही, नवी नोंदणीच घ्यावी लागते आणि जुनी रद्द करावी लागते. लेटरहेडचा जुना गठ्ठा मात्र संपेपर्यंत वापरला जातो, बिलिंगच्या संगणकावर जुना नंबर तसाच राहतो. दुसरी शक्यता, कुणीतरी बंद पडलेल्या दुकानाचे लेटरहेड आणि नंबर वापरून कर गोळा करतो आहे. नोंदणी नसलेल्याला कर आकारण्याचा अधिकारच नाही, कायद्याच्या कलम ३२ ने तो नाकारलेला आहे.

दोन्हींत फरक करायला फोनवरचे बोलणे पुरत नाही, कागद लागतात. फाउंड्रीच्या अकाउंटंटने तीन गोष्टी मागाव्यात: नव्या नोंदणीचे पूर्ण `REG-06`, परिशिष्टांसकट, भागीदारीपत्राची प्रत, आणि रद्द केलेला एक चेक. पोर्टलवर पॅनवरून शोधायची सोयही आहे, एका पॅनवर कोणकोणत्या राज्यांत कोणते नंबर आहेत ते तिथे दिसते. पण या प्रकरणात वडिलांचा पॅन टाकून मुलांची भागीदारी सापडणार नाही, कारण तिचा पॅन वेगळा. म्हणून नवा नंबर पार्टीनेच द्यायला हवा. समजा तो आला `27AACFS0000Q1ZB`. सहावे अक्षर F, म्हणजे भागीदारी. पुढचे S, आणि फर्मचे नाव S पासून सुरू होते. पोर्टलवर `Partnership`, `Active`, पत्ता तोच, नोंदणीची तारीख जुना नंबर रद्द झाल्याच्या आगेमागे. `Legal Name` मध्ये आता कुणा एका माणसाच्या जागी फर्मचे नाव. `Annexure B` मध्ये सही करणाऱ्याचे नाव आहे. चेकवरचे खाते फर्मच्या नावाचे. आता सगळे एका रेषेत आले. मग कोटेशन नव्या नंबराने पुन्हा मागवायचे आणि बिलही त्याच नंबराचे घ्यायचे. ‘जुनाच नंबर चालतो हो, आमचे सीए बघून घेतील’ असे उत्तर आले आणि कागद आले नाहीत, तर माल कितीही स्वस्त असो, व्यवहार सोडून द्यावा.

जुन्या नंबराचे बिल घेतले असते तर काय झाले असते तेही बघू. रद्द झालेल्या नंबरावर रद्द झाल्यानंतरच्या महिन्यांचे `GSTR-1` भरता येत नाही. ते भरले नाही की पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या आपल्या `GSTR-2B` मध्ये बिल येत नाही, आणि तिथे न आलेल्या बिलाचे क्रेडिट घेता येत नाही. म्हणजे १,०८,००० रुपये विकणाऱ्याला देऊन अडकले. भंगाराच्या धंद्यात आणखी एक गुंता आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचे भंगार घेतले तर कर घेणाऱ्यानेच भरायचा असतो. आणि नोंदणी असलेल्याकडून घेतले तर, कराराची रक्कम अडीच लाखांवर असल्यास, घेणाऱ्याने २ टक्के टीडीएस कापून तो विकणाऱ्याच्या जीएसटी नंबरावर भरायचा. आपल्या ६ लाखांवर तो १२,००० होतो. समोरचा नोंदणीकृत आहे की नाही आणि नेमका कोणत्या नंबराने, यावर इथे कराची पूर्ण दिशा बदलते. नुसते नाव तपासून हा धंदा करता येत नाही तो यामुळेच.

राज्याबद्दलचा गैरसमज वेगळ्या जातीचा आहे. नंबरातले २७ म्हणजे कंपनी महाराष्ट्रातली, असे लोक धरून चालतात. जीएसटीची नोंदणी राज्यागणिक असते. बंगळुरूत मुख्य कचेरी असलेल्या कंपनीचे पुण्यात गोदाम असेल तर तिचा पॅन तोच राहतो, सुरुवातीला २९ च्या जागी २७ लागतो आणि ताळ्याचे अक्षर बदलते. कायदा या दोन नोंदणींना वेगवेगळ्या व्यक्ती मानतो. म्हणून राज्याचा आकडा सांगतो तो माल किंवा सेवा कोणत्या राज्यातल्या नोंदणीखाली दिली जाते आहे एवढेच. कंपनीची नोंदणीकृत कचेरी कुठे आहे हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत बघावे. तिथल्या एकवीस अक्षरी सीआयएनमध्ये राज्याची दोन अक्षरे असतात, MH किंवा GA अशी.

बिल तपासताना मात्र राज्याचा आकडा फार उपयोगी पडतो. कोल्हापुरातच पोचणाऱ्या मालावर विकणाऱ्याचा नंबर २७ चा असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी ९-९ टक्के लागायला हवा. नंबर २९ चा असेल तर १८ टक्के आयजीएसटी. नंबर एका राज्याचा आणि कर दुसऱ्या पद्धतीचा, असे बिल परत पाठवावे. ट्रक बेळगावहून आला आणि बिल २७ चे, असेही होते. त्यात दरवेळी काळेबेरे असते असे नाही. कोल्हापूरचा व्यापारी बेळगावच्या तिसऱ्याकडून माल घेऊन तो थेट आपल्या दारात उतरवू शकतो. पण मग ई-वे बिलावर माल निघाल्याचे ठिकाण तसे लिहिलेले हवे, आणि वजनकाट्याची पावती त्या रस्त्याशी, त्या गाडीशी जुळायला हवी. गोव्याचे उदाहरण रोजच्या अनुभवातले आहे. मुंबईची कंपनी पणजीतल्या हॉटेलात आपल्या माणसांना ठेवते. हॉटेलच्या सेवेचे ठिकाण हॉटेल जिथे आहे तेच धरले जाते, म्हणून बिलावर ३० चा नंबर आणि गोव्याचा सीजीएसटी-एसजीएसटी येतो. मुंबईच्या २७ च्या नोंदणीला त्याचे क्रेडिट मिळत नाही. इथे नंबर बरोबर, नाव बरोबर, कर बरोबर, तरी क्रेडिट नाही. पणजीच्या हॉटेलने २७ चा नंबर छापून बिल दिले तर मात्र ते चुकीचे आहे, आणि आनंदाने स्वीकारण्यासारखे तर मुळीच नाही.

करदात्याचा प्रकार सांगणारी `Taxpayer Type` ही ओळ लहान आहे, पण वाचावीच. तिथे `Composition` असेल तर त्या व्यापाऱ्याला ग्राहकाकडून कर घेताच येत नाही. त्याने कर वेगळा दाखवून बिल दिले असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.

आता या सगळ्या पद्धतीची खरी मर्यादा. पोर्टल नोंदणी दाखवते, धंदा दाखवत नाही. मजुरांची, बेरोजगार तरुणांची पॅन-आधार कागदपत्रे वापरून त्यांच्या नकळत नोंदण्या घेतल्या गेल्या आहेत. बनावट नोंदण्या शोधायला केंद्र आणि राज्यांनी मिळून १६ मे २०२३ पासून दोन महिने आणि पुन्हा १६ ऑगस्ट २०२४ पासून दोन महिने देशभर मोहीम चालवली. अशा नोंदणीत नाव खरे असते, कायदेशीर स्वरूप जुळते, राज्य जुळते, स्थिती `Active` असते. फक्त त्या पत्त्यावर काटा नसतो, गोदाम नसते, माल नसतो. तक्त्यातली एक खूण त्यातल्या त्यात कामाची आहे: नोंदणी दोन-तीन महिन्यांची आणि बोलणी लाखोंची. पण तीही खूणच, पुरावा नाही. नवा धंदा प्रामाणिकपणे सुरू करणाराही असाच दिसतो. नियम १८ प्रमाणे प्रत्येक व्यापाऱ्याने नोंदणी प्रमाणपत्र जागेवर दर्शनी भागात लावायचे असते आणि नंबर दाराच्या पाटीवर लिहायचा असतो. नव्या पार्टीकडे मोठी रक्कम देण्याआधी कुणालातरी पाठवून ही पाटी आणि तिच्या मागचा माल डोळ्यांनी बघून यावा, याला दुसरा पर्याय मला दिसत नाही.

दुसरी मर्यादा काळाची. अधिकारी नोंदणी मागच्या तारखेपासून रद्द करू शकतो, कलम २९ मध्ये तशी तरतूद आहे. म्हणजे मार्चमध्ये आपण बघितले तेव्हा चालू असलेला नंबर डिसेंबरमध्ये ‘गेल्या जानेवारीपासून रद्द’ असा दिसू शकतो. अशाच प्रकरणांत कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एलजीडब्ल्यू इंडस्ट्रीजच्या निकालात प्रकरण परत पाठवले आणि सांगितले की, खरेदी आणि पैसे देणे खरे आहे का आणि ते नोंदणी रद्द होण्याआधीचे आहे का, हे कागद बघून ठरवावे. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०२३ मध्ये इकॉम गिल कॉफी ट्रेडिंगच्या प्रकरणात, कर्नाटकच्या व्हॅट कायद्याखाली, व्यवहार खरा असल्याचे सिद्ध करण्याचा भार खरेदीदारावर ठेवला. नुसते बिल आणि चेकने दिलेले पैसे पुरत नाहीत. गाडीचा नंबर, भाडे दिल्याची नोंद, माल मिळाल्याची पोच हेही दाखवता आले पाहिजे, असे त्या निकालात आहे.

या दोन निकालांतून व्यापाऱ्याने करायचे काम स्पष्ट होते. ज्या दिवशी नंबर तपासला त्या दिवशीच्या पोर्टलच्या पानाची प्रत तारखेसकट काढून बिलाच्या मागे लावावी. त्याच गठ्ठ्यात ई-वे बिल, काट्याची पावती आणि बँकेच्या व्यवहाराची नोंद ठेवावी. पण हा पुरावा एकतर्फी आहे. पानाचा स्क्रीनशॉट कुणीही बनवू शकतो, त्यामुळे अधिकाऱ्याने तो नाकारला तर करदात्याकडे फारसे उत्तर नसते. एखादा नंबर अमुक दिवशी कोणत्या स्थितीत होता हे सरकारला माहीत असते, कारण नोंद सरकारचीच आहे. शोध घेणाऱ्याला त्या दिवशीच्या नावाची, स्वरूपाची आणि स्थितीची, नंतर पडताळता येईल अशी क्रमांकित पावती जीएसटी पोर्टलने द्यायला हवी. प्रामाणिक खरेदीदारावर पुराव्याचा भार टाकला आहे, तर पुरावा ठेवण्याचे साधनही जीएसटी परिषदेने त्याच्या हाती द्यावे.